तीसच्या भोकात तीसची पिन

"भोक तीसचं, पिनही तीसची. मग ड्रॉइंगवर ते H7 आणि f7 कशाला लिहिता? कारागिराला कळतंच ना!"

जळगावच्या एमआयडीसीत माझ्या टेबलासमोर उभं राहून हे इतक्या जणांनी विचारलंय की मी मोजणं सोडलं. प्रत्येक वेळी "लिहायचं असतं हो" म्हणून विषय संपवला. समोरचा मान हलवून निघून गेला आणि पुढच्या वेळी त्यानंच पुन्हा तेच विचारलं. म्हणून आज पुरतं सांगतो.

कारागिराला कळतं, हे मला मान्य आहे. एकाच माणसानं एकाच लेथवर आधी भोक केलं, मग पिन उतरवत आणली, घालून पाहिली, अजून एक हलका कट घेतला, तर त्याला माझ्या अक्षरांची गरज नाही. त्याचा हातच सांगतो कुठे थांबायचं. पण असं काम आता किती ठिकाणी होतं? बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या नळ्या, एका गाळ्यात होतात, पिना दुसरीकडे ग्राइंड होतात, लिव्हरचं बीड तिसरीकडे ओतलं जातं. तिघांचे तीन सुटे भाग पहिल्यांदा भेटतात ते थेट असेंब्लीच्या टेबलावर. त्या वेळी नुसत्या 'तीस'चा अर्थ तीन माणसांनी तीन प्रकारे लावलेला असतो आणि तिघंही खरं बोलत असतात.

H7 लिहिलं की भोक 30.000 ते 30.021 मिलिमीटर यांच्या मध्ये हवं. f7 लिहिलं की पिन 29.959 ते 29.980 हवी. म्हणजे सगळ्यात लहान भोकात सगळ्यात जाड पिन गेली तरी 20 मायक्रॉन जागा उरते, आणि उलट टोकाला 62. हा क्लिअरन्स. ग्रीसची फिल्म राहायला तेवढी जागा लागतेच. मोठं अक्षर भोकाचं, लहान अक्षर शाफ्टचं, म्हणजे इथे पिनेचं. अक्षर सांगतं की माप मूळ आकड्यापासून किती दूर सुरू होतं, आकडा सांगतो की सूट किती रुंद आहे. H म्हणजे शून्यापासून वर. बहुतेक वेळा भोक H ठेवून शाफ्टचं अक्षर बदलतात, कारण भोक नेमक्या मापाला आणणारा तीसचा H7 रीमर बाजारात आयता मिळतो. शाफ्ट मात्र ग्राइंडरवर हव्या त्या मापाला आणता येतो.

एवढं मला कॉलेजातून बाहेर पडतानाच पाठ होतं. तरीही जे घडलं ते घडलं, आणि त्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही.

डाळमिलच्या चाळणीचं काम होतं. चाळणी ज्या लिव्हरांवर झुलते त्या चोवीस लिव्हर, बिडाच्या. प्रत्येकीच्या 80 मिलिमीटर व्यासाच्या बॉसमध्ये, म्हणजे टोकाच्या जाड गोल भागात, चाळीसचं भोक, त्यात गनमेटलचा बुश दाबून बसवायचा, बुशाचं आतलं भोक तीस, त्यात पिन. म्हणजे एकाच बुशाला दोन उलट कामं होती: बाहेरून असा घट्ट की हलता कामा नये, आतून असा सुटा की पिन झुलत राहावी. ड्रॉइंग माझं. बाहेरचं माप मी बुशांच्या मापांच्या टेबलातून घेतलं, s6, म्हणजे 40.043 ते 40.059. लिव्हरचं भोक H7, म्हणजे 40.000 ते 40.025. बुश भोकापेक्षा किमान 18 आणि जास्तीत जास्त 59 मायक्रॉन मोठा. हा इंटरफिअरन्स. आतल्या भोकाला लिहिलं H7, पिनेला f7. मला ते ड्रॉइंग फार नेटकं वाटलं होतं.

बुश प्रेसवर बसले. पिना घालायला घेतल्या, तर चोवीसपैकी नऊ लिव्हरांत पिन तोंडाशीच अडकली.

मी सरळ टर्नरकाकांकडे गेलो. वयानं माझ्या वडिलांएवढे, धरणगावकडचे. चार पोरांसमोर मी त्यांना म्हणालो, "काका, तीसचं भोक तुम्हाला तीसचं करता येत नाही का?" ते काही बोलले नाहीत. डब्यातून एक न बसवलेला बुश काढला आणि तीसच्या प्लग गेजची गो बाजू त्यात घातली. ती आत गेली. नो-गो घातली, ती नाही गेली. म्हणजे भोक पास. मग तोच बुश प्रेसवर नेऊन लिव्हरमध्ये बसवला आणि गो बाजू पुन्हा लावली. ती तोंडाशीच थांबली. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, मनं काय चुकनं ते सांग."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी ते तेव्हा म्हणालो नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर एका अडकलेल्या लिव्हरचा हिशोब मांडला. लिव्हरचं भोक 40.004, बुश बाहेरून 40.054, म्हणजे 50 मायक्रॉन दाब. बुश दाबला की तो दाब दोघांत वाटला जातो: बॉस थोडा फुगतो, बुश बराचसा आत येतो. चाळीस-तीसचा बुश, भोवती 80चा बिडाचा बॉस, दोन्ही धातूंचा ताठपणा साधारण सारखा धरला, तर बुशाचं आतलं भोक इंटरफिअरन्सच्या जवळपास दोन-तृतीयांश आकसतं. 50चे 33. बसवण्याआधी भोक 30.006 होतं, बसल्यावर 29.973 झालं. पिन होती 29.977. पिन भोकापेक्षा जाड. सुटं फिट म्हणून मी जे लिहिलं होतं, ते दाबल्याबरोबर चार मायक्रॉन टाइट झालं होतं, आणि प्रत्येक भाग ड्रॉइंगप्रमाणे पास होता.

मग ते टेबल पुन्हा उघडलं. बाहेरच्या व्यासासमोर s6 होतंच. त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात, आतल्या भोकासाठी E6 दिलेलं होतं: बसवण्यापूर्वी 30.040 ते 30.053. आकसण्याची जागा आधीच सोडलेली. मी अर्धी ओळ वाचली होती.

इथपर्यंत चूक होती. पुढे जे केलं त्याचा मला जास्त त्रास होतो. नऊ अडकलेल्या पिना एमरी पेपरनं उतरवून घेतल्या आणि उरलेल्या पंधरा "हातानं जातात" म्हणून पास केल्या. तेव्हाचा मी म्हणत होतो की पिन हातानं गेली म्हणजे क्लिअरन्स आहे. क्लिअरन्स होता, पण काहींत जेमतेम पाच-आठ मायक्रॉन, जिथे किमान 20 हवा होता. तुरीचा सीझन, चाळणी दिवसभर चालू. बुश तापला. गनमेटल बिडापेक्षा जास्त पसरतं, पण बाहेरून बीड त्याला जाऊ देत नाही, मग तो आतच येतो. तिसऱ्या आठवड्यात दोन लिव्हर धरल्या, पिना बुशात जाम. पिनेवर लांबट चरे, बुशाचं पितळी पीठ ग्रीसमध्ये मिसळून काळं झालेलं. एमरीनं उतरवलेल्या पिना मात्र एकही धरली नाही, कारण त्या पोरानं हात राखला नव्हता.

म्हणून "हाताला कळतं" हे ऐकलं की मी चिडतो. आठ मायक्रॉन आणि 25 मायक्रॉन यांत तेल लावलेली पिन हाताला जवळपास सारखीच लागते. फरक तिसऱ्या आठवड्यात कळतो.

मी आता काय लिहितो ते सांगतो. असेंब्लीच्या ड्रॉइंगवर बुश-लिव्हरच्या जागी ⌀40 H7/s6, भोकाचं अक्षर आधी. बुश-पिनेच्या जागी ⌀30 H7/f7. सुट्या भागाच्या ड्रॉइंगवर फक्त त्या भागाचं अक्षर आणि पुढे कंसात सूट: ⌀40 s6 (+0.059, +0.043). आकडे लिहितो कारण लेथवर उभ्या असलेल्या माणसानं टेबल शोधायला जावं ही अपेक्षाच चुकीची आहे. अक्षर ठेवतो कारण प्लग गेज अक्षरावर मागवला जातो. आणि ज्या भोकाचं माप बसवल्यावर बदलणार, त्याच्याशेजारी माप कधीचं ते लिहितो: "बुश बसवल्यानंतर".

यात एक गोष्ट जळगावात बसून विसरता येत नाही. ही सगळी मापं 20 अंश तापमानाची असतात. मे महिन्यात शेडमध्ये 45 अंश असताना गनमेटलचा चाळीसचा बुश स्टीलच्या मायक्रोमीटरवर सहा-सात मायक्रॉन मोठा दिसतो, कारण दोघं सारखे पसरत नाहीत. s6ची सगळी सूटच 16ची. उन्हाळ्यात वरच्या टोकाला पास झालेला बुश मी म्हणूनच नाकारत नाही, पण खालच्या टोकाचा पुन्हा सकाळी मोजायला लावतो.

आता ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही ते. बुश बसवून मग रीम करावा, की E6 करून तसाच बसवावा? रीम केला तर आकसणं कितीही असो, शेवटचं माप H7 मिळतं, आणि दोन बुश एका रेषेत असतील तर एका झटक्यात सरळही होतात. बरीच वर्षं मी हाच हट्ट धरला. पण वर्षभरानं बुश झिजला की तो बदलणारा फिटर चोपड्याला किंवा पारोळ्याला असतो, त्याच्याकडे तीसचा रीमर नसतो. तो माझा अर्धवट बुश बसवून बघतो आणि पिन घासतो. E6चा बुश त्याला सरळ बसवता येतो. पण E6चा हिशोब बॉस जाड आहे असं धरून चालतो. तोच बॉस 80ऐवजी 55चा केला तर आकसणं दोन-तृतीयांशावरून निम्म्यावर येतं आणि पिन आधीपासूनच ढिली लागते. बॉस हलका करा, असं गिऱ्हाईक दर वर्षी सांगतं.

माझ्या फाइलीत सध्या त्या बुशाची दोन ड्रॉइंग आहेत. नव्या मशीनसाठी आतून 29.7 ठेवलेला, शेजारी "बसवल्यानंतर रीम ⌀30 H7". सुट्या मालासाठी E6, आणि त्यावर लिहिलंय की बॉस किमान 80 हवा. मागच्या महिन्यात स्टोअरमधून सुट्या मालाच्या डब्यात चुकून रीम करायचा बुश गेला. दोन्ही बुश नुसत्या डोळ्यांना एकसारखे दिसतात. आता E6च्या कडेवर एक बारीक खाच मारायला सांगितली आहे.

ते टर्नरकाका त्याच वर्षी काम सोडून गावी गेले. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.