सोलापुरात एक दिवस: बारवा शोधायला गेलो, वेशी वाचून आलो

आधीच सांगतो, बारवा म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरी बघायला, कोणी पाठवलेली 'सोलापूरच्या सात बारवा' अशी यादी हातात धरून सोलापूरला जाऊ नका. मी तेच केलं आणि अर्धा दिवस वाया घालवला. सातपैकी दोन ठिकाणी मातीने बुजलेले खड्डे होते, एका ठिकाणी जाळी आणि कुलूप होतं, तीन कोणालाच माहीत नव्हत्या. सातवी मात्र सापडली, आणि तिच्यामुळेच हे लिहितोय.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने 'सगळं जुनं सोलापूर दाखवतो' म्हणून सहाशे रुपये ठरवले. त्याने देवळाच्या दारात सोडलं, मग सरळ चादरींच्या दुकानात नेलं, आणि तिथून निघायला म्हटलं तर वेटिंगचे वेगळे पैसे मागितले. असलं पॅकेज अजिबात घेऊ नका. किल्ल्यापर्यंत मीटरने जा आणि पुढचं सगळं पायी करा. गल्ल्या रिक्षातून दिसतच नाहीत.

भुईकोट किल्ल्यात सकाळी ऊन चढायच्या आत शिरा. बागेत वेळ घालवू नका, तटाचे दगड बघा. साध्या घडीव दगडांमध्ये मधूनच कोरीव तुकडे, मूर्तींचे भाग बसवलेले दिसतात. जुन्या देवळांचे दगड बहमनी काळात तटात वापरले गेले, म्हणजे किल्ल्याआधी इथे देवळं बांधणारी वस्ती होती हे भिंतच सांगते. पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खोदवला अशी परंपरा आहे. तलाव आधीचा, किल्ला नंतरचा. एक बाजू पाण्याने आयतीच राखलेली मिळाली, म्हणून खंदक उरलेल्या बाजूंनाच खणावा लागला. तटावर उभं राहिलं की हे एका नजरेत कळतं.

तिथून कसब्यात गेलो. इथे रस्त्यांच्या नावांकडे लक्ष ठेवा: बाळीवेस, कुंभारवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. वेस म्हणजे गावकुसाचा दरवाजा. ते दरवाजे आता शोधत बसू नका, नावं पुरेशी आहेत. कागदावर ही नावं टिंबांनी मांडा आणि जोडा, जुन्या गावाची हद्द ढोबळमानाने हाती येते. उत्तर कसब्यात हिरेहब्बूंचा वाडा आहे. सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत सात नंदीध्वज तिथून निघतात आणि अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. चाटी गल्लीत दुपारी जाऊ नका, पाऊल ठेवायला जागा नसते.

आता ती सातवी विहीर. एका खासगी आवारात आहे, मालकांनी पत्ता देऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणून देत नाही. दुपारी दीड वाजता पोचलो, ऑक्टोबरचं ऊन, बाटली रिकामी. शेवटचे दोन किलोमीटर सावलीचं एक झाड नव्हतं. तो टप्पा मला आयुष्यभर आठवेल. दोन लीटर पाणी घेतल्याशिवाय हा नाद करू नका.

एका बाजूने पायऱ्या उतरतात, तळाशी कमान आहे, दोन्हीकडे दिवा ठेवायचे कोनाडे. कमान चुन्यात बांधलेली, पण खालचे थर चुन्याशिवाय नुसते घडीव दगड एकमेकांवर बसवलेले. म्हणजे खालचं काम आधीचं आणि वरचं नंतर वाढवलेलं असणार. पण मला खिळवून ठेवलं ते पायऱ्यांच्या समोरच्या काठाने. तिथे मोटेचे, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या चामडी पिशवीचे, दोन दगड पुढे आलेले आहेत, मागे मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं आणि त्यातून निघणारा दगडी पाट. त्याच्याही मागे जमीन उतरती होत जाते. ती बैलांची धाव, मोट ओढताना बैल ये-जा करायचे तो उतार. आज त्या धावेवर घरं उभी आहेत.

मोट आणि पाट म्हणजे शेती किंवा बाग, म्हणजे ही विहीर खणली तेव्हा इथे गाव नव्हतं. नुसत्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला धाव लागत नाही. माझ्या कागदावरही ती वेशींच्या रेघेबाहेरच येत होती. सकाळपासून चालत आलेली गोष्ट तिथे, तापलेल्या दगडावर बसून, एकदम जुळली. मी अर्धा तास उठलोच नाही.

म्हणून माझा सल्ला असा. विहीर दिसली की आधी पायऱ्यांचे फोटो काढू नका, समोरचा काठ बघा. मोटेचे दगड आणि पाट असेल तर पाट कुठल्या दिशेला जातो ते पाहा, शेत तिकडे होतं. दोन्ही नसतील आणि पायऱ्या रुंद असतील तर ती लोकांनी पाणी भरायची विहीर. काठावर वाकू नका, दगड हलतात. आत उतरायचं असेल तर मालकांना विचारा आणि एकटे उतरू नका, शेवाळावर पाय टिकत नाही.

संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन परतीची गाडी पकडली. चटणी पिशवीत दुहेरी बांधून घ्या, माझ्या वहीची दहा पानं तेलाने भरली, त्यात वेशींचा नकाशाही गेला.