तुम्ही विचारलंत म्हणून: दहा अंक आणि एक पंचकोन

«मॅडम, पहिल्या वर्षाच्या स्वागताच्या भाषणात तुम्ही थेट ग्रुप, रचना असलं काहीतरी काढता म्हणे. मुलं घाबरत नाहीत का? आणि हे कशाला शिकायचं, हे त्यांना पटतं तरी कसं?»

घाबरतात. म्हणून ‘रचना’ हा शब्द मी बराच वेळ उच्चारतच नाही. विभागप्रमुख म्हणून स्वागताची दोन वाक्यं बोलते आणि फळ्याकडे वळते. पुढच्या बाकावरच्या मुलीला एक लांबलचक क्रमांक मोठ्यानं वाचायला सांगते, मागच्या बाकांवरच्यांना तो वहीत उतरवायला. दोन-तीनदा हा खेळ झाला की कुणीतरी चुकतंच. कुणी एखादा अंक भलताच लिहितं, कुणी शेजारचे दोन अंक उलटसुलट.

माणसं क्रमांक लिहिताना नेमकी कशी चुकतात, हे याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञानं मोजून पाहिलं होतं. त्याला आढळलं की साधारण पाचातल्या चार चुका एकच अंक बदलल्याच्या असतात आणि सुमारे दहातली एक शेजारचे अंक उलटल्याची. म्हणजे या दोन चुका पकडता आल्या की बरंचसं काम झालं. मग मुलांना विचारते: क्रमांकाच्या शेवटी तुम्हाला एकच जादा अंक जोडायची मुभा आहे, शून्य ते नऊमधला कोणताही. या दोन्ही प्रकारची एकही चूक निसटणार नाही अशी सोय करून दाखवा.

पहिलं उत्तर लगेच येतं: सगळ्यांची बेरीज करा, आणि ती दहाच्या पटीत येईल असा शेवटचा अंक ठेवा. ४७२९ ची बेरीज २२, म्हणून जादा अंक ८. एक अंक चुकला तर बेरीज जास्तीत जास्त नऊनं हलते, दहाच्या पटीत राहूच शकत नाही. छान. पण ७४२९ लिहिलं तर? बेरीज तीच. कुठला अंक आधी आणि कुठला नंतर, हे बेरजेला कळत नाही.

दुसरं उत्तर: जागेनुसार वजन द्या. एका अंकाला एकनं गुणा, पुढच्याला तीननं. पुस्तकांच्या आणि वस्तूंच्या तेरा अंकी बारकोडमध्ये हेच करतात. २७ चे होतात २ अधिक २१, म्हणजे २३. ७२ चे होतात ७ अधिक ६, म्हणजे १३. शेवटी दोन्हीकडे ३. निसटली! तीनऐवजी सात घ्या, नऊ घ्या, उपयोग नाही. सम वजन चालत नाही, कारण दोननं गुणल्यावर १ आणि ६ सारखेच दिसतात. पाचही चालत नाही. उरतात ती वजनं सगळी विषम, आणि दोन विषम संख्यांमधला फरक सम. मग ज्या दोन अंकांत पाचाचं अंतर आहे, त्यांची अदलाबदल त्या फरकानं गुणली की दहाच्या पटीत जाते.

इथं एखादं हुशार पोर म्हणतं, गुणायचंच कशाला? दुसऱ्या जागेसाठी अंकांचा एक तक्ता करू, कुठल्या अंकाऐवजी कोणता धरायचा त्याचा. बँकेच्या कार्डांवर असाच तक्ता वापरतात. त्याला लूनची पद्धत म्हणतात. अंक दुप्पट करायचा, दोन अंकी झाला तर ते दोन मिळवायचे. म्हणजे ० ते ९ चे होतात ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९. ही पद्धत अदलाबदलीची एकच जोडी सोडते. ०९ आणि ९० तिला सारखेच.

एकच जोडी! मुलं सरसावून बसतात. तक्त्यात थोडी हलवाहलव केली की ती जोडीही जाईल, असं सगळ्यांना वाटतं. मी दहा मिनिटं देते. दरवर्षी देते आणि दरवर्षी त्या दहा मिनिटांत कुणी ना कुणी ‘जमलं’ म्हणून ओरडतं. मग शेजारची मुलगी त्याची चूक दाखवते. घड्याळाकडे बघत मी हे मुद्दाम लांबवते, कारण इथला वैताग नीट मुरला नाही तर पुढचं बेचव लागतं.

मग फळ्यावर एवढंच लिहिते. तक्ता अ या अंकाचा त(अ) करतो असं समजा. अ आणि ब शेजारी असले तर बेरजेत अ + त(ब) येतं, उलटले तर ब + त(अ). ही दोन सारखी आली की चूक निसटली. इकडचं तिकडे नेलं तर याचा अर्थ अ − त(अ) आणि ब − त(ब) सारखे. म्हणजे चूक कधीच निसटू नये, तर दहा अंकांसाठी या वजाबाकीची दहा वेगवेगळी उत्तरं हवीत. दहानं भागल्यावरच्या बाक्याच दहा आहेत, तेव्हा प्रत्येक एकदा यायला हवी, आणि त्यांची बेरीज ४५, म्हणजे बाकी ५. आता तीच बेरीज दुसऱ्या बाजूनं करा. सगळ्या अ ची बेरीज ४५, सगळ्या त(अ) चीही ४५, कारण तक्ता तेच दहा अंक फक्त नव्या क्रमानं देतो. वजाबाकी शून्य. पाच आणि शून्य एक कसे होतील?

झालं. छत्तीस लाखांवर तक्ते होतात दहा अंकांचे, त्यातला एकही तपासायची गरज उरली नाही. लूनच्या तक्त्याच्या वजाबाक्या काढून बघा, ऋण आली तिथं दहा मिळवून: ०, ९, ८, ७, ६, ४, ३, २, १ आणि परत ०. शून्य दोनदा आलंय, एकदा ० मुळे आणि एकदा ९ मुळे. जी बाकी आलीच नाही ती पाच. लूनला याहून चांगलं करणं शक्यच नव्हतं.

भाषणाचा खरा भाग इथून सुरू होतो. मी विचारते, या सिद्धतेत आपण बेरजेचा कोणता गुण वापरला? थोडा वेळ शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, वीस पदं होती, ती हवी तशी मागेपुढे केली. बरोबर. शाळेत आपण ज्याला क्रमनिरपेक्षता म्हणून एका ओळीत पाठ केलं, तो गुण. आणि पहिल्या उत्तराला खोडा घातला होता तोही यानंच. दोन्हीकडे गुन्हेगार एकच.

मग हा गुण नसलेली ‘बेरीज’ आणली तर? आपल्या कामाला बेरजेकडून काय लागतं ते बघा. दोन अंक दिले की तिसरा मिळावा. एक अंक बदलला की उत्तर बदलावं. लांब ओळ असली तर कुठेही कंस घातले तरी चालावं. क्रमाशी देणंघेणं नाही, असं कुठेच लागत नाही. या अटी पाळणाऱ्या व्यवस्थेला गणितात गट म्हणतात, वर्गात सगळे ग्रुपच म्हणतात. दहा घटकांचे ग्रुप मुळात दोनच. एक आपली बाकीची बेरीज. दुसरा सुसम पंचकोनाचा.

मी पुठ्ठ्याचा पंचकोन नेते, कोपऱ्यांवर खुणा केलेला. तो पाच प्रकारे फिरवून त्याच चौकटीत बसतो, न फिरवणं धरून. त्यांना ० ते ४ म्हणायचं. पालथा करून आणखी पाच प्रकारे बसतो, ते ५ ते ९. दोन अंकांची ‘बेरीज’ म्हणजे एक कृती आणि तिच्यापाठोपाठ दुसरी. आधी फिरवून मग पालथा केला आणि आधी पालथा करून मग फिरवला, तर खुणा वेगळ्या जागी येतात. फेरहूफच्या ‘बेरजे’त १ आणि ५ मिळून ६ होतात, ५ आणि १ मिळून ९.

लगेच काम फत्ते झालं असं मात्र नाही. नुसती फिरवणी आपसांत क्रम पाळत नाहीत. १ आणि २ मिळून ३, २ आणि १ मिळूनही ३. म्हणून अंक बदलण्याचा तक्ता इथेही लागतोच. फरक इतकाच की इथे तो असू शकतो, कारण ४५ ची ती सिद्धता इथे पहिल्या पायरीलाच अडखळते. १९६९ मध्ये फेरहूफनं जो तक्ता दिला तो ० ते ९ चे क्रमानं १, ५, ७, ६, २, ८, ३, ०, ९, ४ करतो. ज्या जोडीनं लूनला चकवलं ती घ्या. ० आणि त(९), म्हणजे ० आणि ४ मिळून ४. उलटं केलं तर ९ आणि त(०), म्हणजे ९ आणि १ मिळून ८. वेगळे! बारकोडची जोडी बघा: २ आणि त(७) मिळून २, ७ आणि त(२) मिळून ०. उरलेल्या जोड्या मुलं घरी तपासतात. एकूण पंचेचाळीसच आहेत. पुढच्या जागांवर हाच तक्ता दोनदा, तीनदा असा वापरत जायचा, आठ वेळांनी तो मूळपदावर येतो.

दरवर्षी एक शंका येते आणि ती रास्त आहे: एवढा खटाटोप कशाला, जादा दोन अंक जोडा. खरंच, आंतरराष्ट्रीय बँक खात्यांच्या आयबॅनमध्ये ९७ नं भागून दोन अंक जोडतात आणि काम भागतं. जुन्या दहा अंकी पुस्तक क्रमांकात ११ नं भागत, आणि बाकी दहाची गरज पडली की X लिहीत. ० ते १० ची बेरीज ५५, ती अकरानं नि:शेष भागली जाते, म्हणून तिथं आपला अडथळा नव्हताच. तरी २००७ पासून पुस्तकं तेरा अंकी बारकोडवर गेली. आधीची पद्धत अदलाबदल पूर्ण पकडत होती, नवी पकडत नाही. वस्तूंच्या बारकोडशी जुळवून घ्यायचं होतं. सर्वांत चांगलं तेच वापरात येतं असं मी मुलांना सांगत नाही, कारण ते खोटं आहे.

मागच्या एका वर्षी भाषण संपल्यावर एक मुलगा थांबला. म्हणाला, अंक बारा असते तर? मी म्हटलं, कर की. त्यानं तिथंच केलं: ० ते ११ ची बेरीज ६६, बारानं भागून बाकी ६, शून्य नाही. म्हणजे नाही जमणार. मी विचारलं, बारा घटकांची क्रमनिरपेक्ष बेरीज एकच असते का रे? तो गेला. आठवड्यानं वही घेऊन आला. प्रत्येक चिन्हाऐवजी त्यानं जोडी घेतली होती, पहिला भाग दोनच्या बाक्यांत मिळवायचा, दुसरा सहाच्या. सगळ्या जोड्यांची बेरीज दोन्ही भागांत शून्य येत होती. ‘मॅडम, अडथळा गेला,’ म्हणाला, ‘पण अडथळा नाही म्हणजे तक्ता आहे, असं थोडंच?’ तक्ता त्यानं पुढच्या पानावर काढलेला होता, बरीच खाडाखोड करून. आम्ही दोघांनी बसून सहासष्ट जोड्या तपासल्या. ग्रुप हा शब्द त्याच्या वहीत तोवर कुठेच नव्हता.