पखवाजाचा सा आणि मावशींचा सा

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावी सप्त्याच्या काकड्याला गेलो होतो. मंडपात पखवाज आणि टाळ तेवढे होते, पेटी नव्हती. आरतीच्या आधी एका म्हाताऱ्या मावशींनी जनाबाईंचा अभंग म्हटला. चाल मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एकदाच म्हटला, आणि उजाडता उजाडता त्या टेम्पोत बसून गेल्यासुद्धा.

नुसतं गुणगुणत घरी गेलं की सूर वाटेतच खाली सरकतो, हे मला माहीत होतं. म्हणून जागेवरच पखवाजवाल्याला विचारलं, "बुवा, शाई कुठं लावलीय?" म्हणाला, "काळी एकला. रात्रीच्या महाराजांसाठी लावली होती." त्याला थाप मारायला लावली आणि चालीचा पहिला सूर जुळवून पाहिला. तो मंद्रातला पंचम निघाला. तेवढंच वहीत लिहून घेतलं.

घरी पेटीवर काळी एकचा सा धरून ध्रुपद उतरवलं. ठेका भजनी, आठ मात्रांचा, म्हणून दोन आवर्तनं:

प ध नि॒ सा । रे ऽ सा नि॒
ध नि॒ सा नि॒ । ध ऽ प ऽ

(प, ध, नि मंद्रातले, खाली रेघ म्हणजे कोमल.) सूर सगळे बरोबर होते, खमाजचे म्हणून चालले असते. पण वाजवलं की ओळ अधांतरी राही. झिलकरी प्रत्येक वेळी येऊन टेकत होते ते पंचमावर, आणि टेकल्यावर मंडप कसा निवांत होत होता हे मला स्पष्ट आठवत होतं. इतका विसावा साशिवाय दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मग उमगलं. पखवाज महाराजांच्या पट्टीत होता, मावशी स्वतःच्या पट्टीत गात होत्या. त्यांचा सा काळी चार. तिथून काळी एक हा मध्यम होतो, म्हणून पखवाज कुणाच्या कानाला खटकला नाही. सा बदलला, पेटीच्या पट्ट्या त्याच राहिल्या, आणि तीच ओळ काफीत उभी राहिली:

सा रे ग॒ म । प ऽ म ग॒
रे ग॒ म ग॒ । रे ऽ सा ऽ

चरणातला निषाद मात्र हाती लागेना. कोमल वाजवला तरी पटे, शुद्ध वाजवला तरी पटे. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन गेलो आणि काल झील धरणाऱ्या बायांना ध्रुपद वाजवून दाखवलं. त्यांनी लगेच उचललं आणि आपसूक चरणात शिरल्या. वर जाताना म प नि सां, निषाद शुद्ध; उतरताना सां नि॒ ध प, कोमल. मी एकच निषाद शोधत होतो, त्यात दोन होते.

मधून उतरताना त्या मध्यमावरून गंधारावर घसरत येत होत्या. ती मींड पेटीवर निघत नाही, म्हणून दोन स्वरांवर कमान काढली आणि वही मिटली.