दोन ओळी, एकच ऑर्डर

सकाळचा पहिलाच फोन होता. बाई ओरडत नव्हत्या, पण आवाज कापत होता. "एकाच ऑर्डरचे दोनदा पैसे गेलेत. उद्या सकाळी माझा हप्ता जायचाय, आणि खात्यात आता दोनशेच दाखवतंय."

मी एका ऑनलाइन दुकानाच्या पेमेंट विभागात काम करते. अशी तक्रार रोजचीच, पण यांचं डेबिट कार्ड होतं. क्रेडिट कार्डावर अडकते ती मर्यादा. डेबिट कार्डावर अडकतात ते माणसाचे हातातले पैसे.

खात्यात ५,००० होते आणि ऑर्डर २,४०० ची. बँकेच्या ॲपमध्ये २,४०० च्या दोन ओळी होत्या आणि दोन्हींपुढे Pending लिहिलेलं होतं. माझ्या शेजारच्या नव्या सहकाऱ्याने ऑर्डर उघडून पाहिली आणि म्हणाला, "आपल्याकडे तर एकच पेमेंट आलंय." तो खोटं बोलत नव्हता. ऑर्डरच्या पडद्यावर एकच होतं. पण तो पडदा दुकानाचा असतो. बँकेशी जे बोलणं होतं ते गेटवेच्या, म्हणजे दुकान आणि बँक यांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदीत सापडतं. तिथे दोन ओळी होत्या, चाळीस सेकंदांच्या अंतराने. पहिलीची स्थिती Authorized, म्हणजे बँकेचा नुसता होकार. दुसरीची Captured, म्हणजे त्या होकारावर पैसे मागवलेले.

काय घडलं ते एवढ्यावरून कळलं. पहिल्या वेळी बँकेने होकार दिला, रक्कम बाजूला ठेवली, पण तो होकार आमच्या सर्व्हरपर्यंत वेळेत पोहोचला नाही. आमच्या पानाने "पेमेंट अयशस्वी" असं सांगितलं. बाईंनी पुन्हा बटण दाबलं, कोणीही दाबेल. दुसरा होकार नीट पोहोचला, ऑर्डर तयार झाली, माल निघाला आणि आम्ही त्या होकारावर पैसे मागवले. पहिल्या होकारावर आम्ही काहीच मागितलं नव्हतं. ते पैसे खात्यातच होते, फक्त कुलूपबंद. याला होल्ड म्हणतात. दुकान त्यावर पैसे मागवतं तेव्हाच बँक ते खात्यातून वजा करते, आणि खरी डेबिट नोंद त्यानंतर पडते.

सहकाऱ्याचा हात रिफंडच्या बटणाकडे गेला. मी थांबवलं. रिफंड मिळतो तो घेतलेल्या पैशांचा. म्हणजे खऱ्या, मालाच्या पैशांचाच परतावा गेला असता, तोही काही दिवसांनी, आणि पहिला होल्ड जसाच्या तसा राहिला असता. इथे हवं होतं ते Void. त्याने बँकेला संदेश जातो की मूळ होकार रद्द, रक्कम मोकळी करा. मी पहिल्या ओळीवर Void केलं.

एरवी इथे "काही दिवसांत आपोआप सुटेल" असं सांगून फोन ठेवला जातो. ते खरंही असतं. न वापरलेला होल्ड बँक मुदतीनंतर सोडतेच. पण ती मुदत बँकेची असते, अनेकदा आठवडाभराची, आणि यांचा हप्ता उद्याचा. होल्ड म्हणजे डेबिट नव्हे, हे मी कितीही अचूक सांगितलं तरी हप्ता उपलब्ध रकमेतूनच जाणार होता. मला हे वाक्य सांत्वन म्हणून वापरायला तेव्हापासून आवडत नाही. रद्द केल्याचा संदेश गेला तरी काही बँका त्यावर लगेच हलत नाहीत.

म्हणून मी त्यांना तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या: पहिल्या होकाराचा सहा अंकी कोड, रक्कम आणि नेमकी वेळ. "बँकेत 'दोनदा कापले' म्हणू नका. तक्रार म्हणून घेतील आणि अजून व्यवहार पूर्ण झालेला नाही, थांबा म्हणतील. 'दुकानाने हा होकार रद्द केलाय, होल्ड काढा' असं सांगा, आणि हा कोड द्या." त्यांनी तोपर्यंत एकदा तक्रार करून पाहिली होती, आणि नेमकं तेच उत्तर मिळालं होतं. आम्ही रद्द केल्याचं पत्रही त्यांना मेलवर पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. "एक ओळ गायब झाली. पण माझे पैसे परत आल्याची नोंद कुठेच नाही!"

"ती येणारच नाही, मॅडम. ते गेलेच नव्हते, त्यामुळे जमा व्हायला काही नाही. उपलब्ध शिल्लक बघा, किती दाखवतंय?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "दोन हजार सहाशे."




दोन दिवसांनी मी पुन्हा तपासलं. दुसऱ्या ओळीच्या व्यवहाराला आता तेवीस अंकी एआरएन, म्हणजे बँकांना व्यवहाराचा माग काढता येतो तो क्रमांक, पडला होता. पहिलीला पडणं शक्यच नव्हतं, कारण तो फक्त पैसे मागवल्यावर मिळतो. दोन्ही ओळींना असे दोन वेगळे क्रमांक असते, तर मात्र ती खरी दुहेरी वजावट ठरली असती, आणि त्या दिवशी रिफंडचं बटण मीच दाबलं असतं.