एका चमच्यात किती प्रोटीन? दाणे, कूट आणि पीनट बटरची नोंद

घोळ लक्षात आला तो संकष्टीला. जिमचं प्रोटीन मोजायला लागून आठ महिने झाले होते आणि रोजचा आकडा ठरलेल्या जागी येत होता. त्या दिवशी उपास, म्हणून पीनट बटर लावलेली भाकरी नाही. खिचडी आणि काकडीची कोशिंबीर मिळून माझ्या वाट्याला पाच चमचे दाण्याचं कूट आलं. ते मी सवयीने अॅपमध्ये 'पाच टेबलस्पून' असं घातलं आणि 20 ग्रॅम प्रोटीन झालं म्हणून खूश झालो. मग सहज शंका आली, की एवढ्याशा कुटात 20 ग्रॅम? म्हणजे जवळपास 80 ग्रॅम दाणे? आईला विचारलं, सकाळी किती दाणे वाटलेस. ती म्हणाली, "सगळ्यांना मिळून दोन वाट्या असतील, आणि अर्धं कूट डब्यातच आहे बघ." हिशेब कुठेच बसेना. दुसऱ्या दिवशी काटा बाहेर काढला.

पहिला आठवडा: आधी काटा आणि चमचा तपासले

काटा साधा, स्वयंपाकघरातला, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दहा रुपयांची दहा नाणी ठेवली. एक नाणं 7.7 ग्रॅमचं, म्हणजे 77 यायला हवेत. 77 आले. काटा खरा.

चमच्याचं माप पाण्याने काढलं, कारण पाण्याचा 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम. एकच चमचा भरून मोजला तर फसायला होतं. पाणी काठावर फुगून उभं राहतं आणि काटाही एखाद्या ग्रॅमने इकडेतिकडे होतो. म्हणून दहा चमचे वाटीत ओतून दहाने भागलं. मापाच्या संचातला टेबलस्पून 15 मिलीचा निघाला. घरातला जेवणाचा चमचा, ज्याला मी इतके महिने टेबलस्पून म्हणत होतो, तो जेमतेम 11 मिलीचा. (ऑस्ट्रेलियातली पाककृती बघत असाल तर तिथला टेबलस्पून 20 मिलीचा असतो. तेव्हा 'टेबलस्पून' या शब्दावरही फार विसंबू नका.)

दुसरा आठवडा: एकच दाणे, चार रूपं

बाजारच्या बरणीत साखर आणि वरचं तेल असतं, त्यामुळे तुलना गढूळ होते. म्हणून 300 ग्रॅम दाणे घरीच खरपूस भाजले, सालं चोळून पाखडली आणि त्याच दाण्यांचं आधी कूट, मग बटर केलं. भाजल्यावर दाणे थोडे हलके होतात. ती आतली ओल जाते, प्रोटीन नाही. म्हणून वजन भाजून, सोलून झाल्यावरचं धरलं. भाजलेल्या दाण्यात 100 ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम प्रोटीन असतं. मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी हे प्रमाण हलत नाही, कारण आत काही घालत नाही आणि बाहेर काही काढत नाही. बदलतं ते एवढंच, की एका चमच्यात किती दाणे मावतात.

संचातला 15 मिलीचा चमचा, वरून सुरीने सपाट केलेला. अख्खे दाणे 9 ग्रॅम भरले, म्हणजे प्रोटीन सव्वादोन ग्रॅम. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवून कूट केलं आणि ते अलगद चमच्यात घेतलं. मला वाटलं होतं बारीक झाल्यावर जास्त मावेल. भरलं 7 ग्रॅम! प्रोटीन पावणेदोन. तेच कूट चमच्याच्या पाठीने दाबून भरलं तर 10 ग्रॅम, प्रोटीन अडीच. मग मिक्सर पुढे चालवला. कूट आधी भांड्याच्या कडेला चिकटलं, मग त्याचा गोळा झाला, मग तेल सुटून बटर सैल झालं. तोच सपाट चमचा आता 16 ग्रॅम, प्रोटीन 4 ग्रॅम.

कारण हवेत आहे. अख्ख्या दाण्यांच्या मधे मोकळी जागा राहते हे दिसतंच. कुटात ती जागा कमी व्हायला हवी होती, पण दाण्याचे तेलकट कण एकमेकांना धरून ठेवतात, घरंगळून खाली बसत नाहीत आणि आत छोटे छोटे पोकळ कोपरे तयार होतात. भुरभुरलेलं कूट म्हणजे चमच्यात निम्म्याहून जास्त हवा. बटर होताना सुटलेलं तेल त्या सगळ्या फटी भरून टाकतं आणि हवा जवळपास उरतच नाही. त्यामुळे बटरचा चमचा पाण्याच्या चमच्यापेक्षाही किंचित जड भरतो.

बदामाचंही तेच. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप अख्खे बदाम 143 ग्रॅम आहेत आणि एक कप बदामाची पूड 95 ग्रॅम. कपात 16 टेबलस्पून धरले तर अख्ख्या बदामांचा चमचा 9 ग्रॅमच्या आसपास आणि पुडीचा जेमतेम 6. बदामात 100 ग्रॅमला 21 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे अख्ख्याच्या चमच्यात 1.9 ग्रॅम आणि पुडीच्या चमच्यात सव्वा. शिऱ्यात दोन चमचे बदामपूड घालून 'प्रोटीनवाला शिरा' म्हणणाऱ्या मित्राला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

तिसरा आठवडा: शीग

आता खरी गोम. सुरीने सपाट केलेला चमचा रोज कोण घेतो? पीनट बटर शिगेनेच निघतं, शिवाय चमच्याच्या पाठीला लागलेलं असतं ते वेगळं. पूर्वी धान्य पायली-मापट्याने घेताना माप सपाट की शीग लावून, हे आधी ठरवत. आपण बरणीशी तेवढंही ठरवत नाही.

सहा दिवस नेहमीसारखाच चमचा घेतला, पण बरणी काट्यावर ठेवून. आकडे आले 21, 26, 24, 29, 23, 27. सरासरी 25 ग्रॅम, प्रोटीन सव्वासहा. अॅपमध्ये मी तो 16 ग्रॅमचा आणि 4 ग्रॅम प्रोटीनचा लिहीत होतो. कुटाचा चमचा मात्र हलकी शीग असूनही 8 ग्रॅमच भरत होता, म्हणजे प्रोटीन 2. तोही मी आळसाने पीनट बटरच्याच नोंदीखाली, 4 ग्रॅम म्हणून घालत होतो.

आता नेहमीचा दिवस मांडून बघा. भाकरीवर दोन चमचे बटर, भाजीत-कोशिंबिरीत दोन चमचे कूट. अॅपमध्ये 8 आणि 8, एकूण 16 ग्रॅम प्रोटीन. प्रत्यक्षात बटरचे साडेबारा आणि कुटाचे 4, एकूण साडेसोळा. एक चूक वर, दुसरी खाली, आणि बेरीज जुळलेली. आठ महिने काही खटकलं नाही ते यामुळे. संकष्टीला बटर गेलं, कूट पाच चमचे झालं आणि कागदावरचे 20 प्रत्यक्षात 10 निघाले. उलट्या बाजूने, बाहेरगावी गेलो होतो तेव्हा कूट नव्हतंच आणि रोज चार चमचे बटर चालू होतं. तेव्हा 64 ग्रॅम लिहून 100 ग्रॅम खाल्लं. प्रोटीन 9 ग्रॅम जास्त गेलं याचं कौतुक नाही, त्यासोबत रोजच्या 200हून जास्त कॅलरी वहीबाहेर राहिल्या. त्या महिन्यात वजन का हललं नाही याचं खापर मी झोपेवर फोडलं होतं.

काट्यावरही फसलो ते दोनदा

पहिल्यांदा कुटावर. वाटी ठेवून काटा शून्य केला आणि चिमूटचिमूट कूट भुरभुरलं. वाटीत दिसायला बरंच पडलं, आकडा 2 वरून हलेना. बऱ्याच काट्यांना अगदी सावकाश वाढणारं वजन म्हणजे स्वतःचाच फरक वाटतो आणि ते पुन्हा शून्याकडे ओढतात. वाटी उचलून परत ठेवली, पण तरी भरवसा वाटेना. आता कूट वेगळ्या भांड्यात काढून एकदम ओततो.

दुसऱ्यांदा बटरवर. घरच्या बटरची बरणी आठवडाभर उभी राहिली आणि वर बोटभर तेल आलं. मी ते हुशारीने ओतून भाजीला वापरलं. वजन बरोबर घेत होतो, पण प्रोटीनचं प्रमाणच बदललं होतं. बरणीत 280 ग्रॅम बटर, त्यात 70 ग्रॅम प्रोटीन. 30 ग्रॅम तेल काढल्यावर उरलेल्या 250 ग्रॅमातही प्रोटीन 70च, म्हणजे 100 ग्रॅमला 25 ऐवजी 28. तेल काढलं नाही पण ढवळलंही नाही, तर आणखी गंमत: वरचा चमचा जवळजवळ नुसतं तेल, प्रोटीन नावाला, आणि तळाशी घट्ट, कोरडं, प्रोटीनने भरलेलं. बरणी तळापासून ढवळल्याशिवाय वजनालाही अर्थ नाही. सुरी तळाला टेकवून वर ओढली की तिच्यावर तेलाची वेगळी रेघ दिसायला नको, ही माझी खूण.

लेबलबद्दल एकच गोष्ट. काही बरण्यांवर 100 ग्रॅमला 29-30 ग्रॅम प्रोटीन दिसतं. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला गुणतात. सरसकट गुणक 6.25 आहे, शेंगदाण्यासाठीचा 5.46. त्याच दाण्याचे 26 सरसकट गुणकाने जवळपास 30 होतात. मी साध्या बटरला 25 धरतो, साखर-तेल घातलेल्याला 22.

सध्या चालू आहे ते

बटरसाठी बरणीच काट्यावर ठेवतो, शून्य करतो आणि हवं तेवढं काढतो. उणे 24 दिसलं की 24 ग्रॅम निघालं. चमच्याला चिकटलेलं चाटलं तर पोटात, नाही तर चमचा परत बरणीत निथळून मगच आकडा वाचायचा.

कुटासाठी चमचा सोडूनच दिला. रविवारी 350 ग्रॅम सोललेले भाजके दाणे वजन करून आईकडे देतो, तीन जणांचं आठवड्याचं कूट. दळल्यावर ते फुगलं काय, दाबलं काय, डब्यात 87 ग्रॅम प्रोटीन आहे हे ठरलेलं. पाव हिस्सा आईबाबा खातात असा अंदाज, उरलेलं माझं, भागिले सात. रोजचे साधारण 9.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. गुरुवारी डबा रिकामा. शेजारच्या काकूंना वाटीभर दिलं होतं. आई म्हणाली, "वाटी सपाट होती रे, शीग नाही लावली." ते 55 ग्रॅम धरून वजा केलेत.