आमची वाटचाल : प्रशिक्षकांच्या एका मेलनं शिकवलेलं

आम्ही दोघांनी लेखन-संपादनाचं काम सुरू केलं तेव्हा संस्थांचे अहवाल, स्मरणिका, माहितीपत्रकं एवढंच डोक्यात होतं. दर शब्दांवर आकारायचो. मजकूर जितका लांब, तितकं बिल मोठं. त्यात काही चूक आहे असं एका फुटबॉल प्रशिक्षकांचा मेल येईपर्यंत वाटलं नव्हतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा संघ. हंगाम संपला होता आणि सरांना खेळाडूंना व पालकांना निरोप पाठवायचा होता. "जरा शुद्धलेखन बघा," एवढंच त्यांनी सांगितलं. मेल साधारण तेराशे शब्दांचा आणि सगळा एकाच परिच्छेदात. सुरुवात पहिल्या दिवशीच्या चिखलातल्या सरावानं. मग आभार, उपांत्य सामन्यातला पेनल्टीवरचा पराभव, बाजूरेषेवरून ओरडणारे काही पालक, जर्सी परत करणं, मध्येच स्वतःचा दुखरा गुडघा, पुन्हा आभार, निवड चाचणी. आणि अगदी शेवटाकडे एका वाक्याच्या पोटात, "पुढच्या वर्षी मी नसेन तरी सराव चालूच राहील."

शुद्धलेखन आम्ही तासाभरात केलं असतं. पण माझी भागीदार म्हणाली, "हा मेल वाचून पालकांनी नेमकं काय करायचं?" कागद घेऊन आम्ही फक्त कामं शोधत पुन्हा वाचलं. कोणी, काय, कधीपर्यंत, कुठे. तीन कामं निघाली: जर्सी परत करणं, चाचणीसाठी नाव नोंदवणं, निरोपाच्या कार्यक्रमाला येणं. एकाही कामाचे चारही रकाने भरले नाहीत. तेव्हापासून असलं कोणतंही पत्र आलं की आधी हे रकाने भरतो. जो रिकामा राहतो तो सरांना विचारायचा प्रश्न. अंदाजानं काहीही भरायचं नाही.

जर्सीबद्दल मूळ वाक्य असं होतं: "तुम्ही जर्सी अजून दिल्या नसतील तर परवा नाहीतर पुढच्या शनिवारी नक्की द्याव्यात म्हणजे मोजदाद करता येईल." आता यातला 'परवा' मेल लिहिलेल्या दिवसापासून मोजायचा की वाचलेल्या? 'पुढचा शनिवार' म्हणजे येणारा की त्याच्या नंतरचा? यावर आमच्याच टेबलावर दोन मतं पडली. सरांना विचारलं तर त्यांचं तिसरंच. आणि 'तुम्ही' कोण? सर मुलांनाही 'तुम्ही' म्हणत होते, पालकांनाही. एका वाक्यात 'तुम्ही छान पळालात' आणि लगेच पुढे 'तुम्ही फॉर्मवर सही करा'. दुरुस्त वाक्य असं झालं: "पालकांनी मुलाची जर्सी धुऊन शनिवार, १२ एप्रिलला सकाळी सातच्या सरावाला मैदानावर सहायक प्रशिक्षकांकडे द्यावी." लांबी जवळपास तेवढीच आहे, पण आता कोणाला फोन करून विचारावं लागत नाही.

सर्वनामांचा आणखी एक घोळ होता, आणि तो जास्त बोचरा. जिंकलेल्या सामन्यांबद्दल लिहिताना सर 'आपण जिंकलो' म्हणत. उपांत्य सामना आला की 'तुम्ही हरलात'. त्यांच्या मनात काही नव्हतं, दोन वेगळ्या रात्री लिहिलेले तुकडे होते ते. पण तेरा वर्षांच्या मुलाला हा फरक बरोबर कळतो. आम्ही सगळीकडे 'आपण' केलं.

खरा वाद पुढे झाला. पेनल्टी हुकलेल्या मुलाचं नाव घेऊन सरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. तो रात्रभर रडला, त्याला कोणी बोलू नका, वगैरे. आम्ही त्या काढल्या. सर चिडले. "अहो, मी त्याची बाजूच घेतोय!" खरंच घेत होते. पण ज्या पालकांना कोणाची किक हुकली हे आठवतही नव्हतं, त्यांनाही आता ते लेखी कळणार होतं, आणि तो रडला हे सगळ्या संघासमोर येणार होतं. त्या मुलाशी सरांनी समोर बसून बोलावं, मेलमध्ये पराभवाची एकच ओळ असावी, असं ठरलं. ओरडणाऱ्या पालकांचा भागही गेला. सगळ्यांना पाठवलेल्या टोमण्यात ज्यांना तो लागू आहे ते स्वतःला ओळखत नाहीत, आणि जे कधीच ओरडले नाहीत ते मनाला लावून घेतात. तो विषय पुढच्या हंगामाच्या पहिल्या पालकसभेत नियम म्हणून मांडायचा, असं सरांनी टिपून ठेवलं.

आणि ते 'मी नसेन'? मेलमधली सगळ्यात मोठी बातमी तीच होती. ती वर आणली तर मुलांना सरांचं जाणं आईच्या फोनवरून कळणार. खाली ठेवली तर ज्याला दिसेल तो गटात विचारणार आणि दुपारपर्यंत अफवा. शेवटी क्रम बदलला. गुरुवारच्या सरावानंतर सरांनी मैदानावर मुलांना स्वतः सांगायचं, मेल त्याच संध्याकाळी जायचा, आणि त्यात ही बातमी दुसऱ्याच वाक्यात, नव्या हंगामात सराव कोण घेणार यासकट.

मग आम्ही चूक केली. सफाईच्या भरात सगळं दीडशे शब्दांवर आणलं. सर दिवसभर गप्प. संध्याकाळी म्हणाले, "बरोबर आहे सगळं. पण हे ऑफिसातून आल्यासारखं वाटतंय." चिखल गेला होता. पहिल्या सरावाला मुलं चेंडूपेक्षा चिखलच जास्त खेळली, आणि शेवटच्या सामन्यात तीच मुलं न ओरडता एकमेकांची जागा भरत होती, हे सरांनी मूळ मेलमध्ये कुठेतरी मध्यभागी लिहिलेलं होतं. एवढ्या पसाऱ्यात ते एकच निरीक्षण असं होतं जे दुसरं कोणी लिहूच शकलं नसतं. ते त्यांच्याच शब्दांत परत घेतलं.

दोन वेगळे मेल करावेत का, यावरही खल झाला. पण या वयातल्या मुलांचे मेल पालकच उघडतात, म्हणजे पालकांना दोन्ही मिळणार आणि कोणत्यात काय होतं ते शोधत बसावं लागणार. म्हणून एकच मेल, दोन भाग. वर पालकांसाठी: दोन ओळी आभार, सरांची बातमी, तीन कामं तारखांसह. खाली 'मुलांनो,' अशी हाक आणि सरांचं पत्र, मोठ्यानं वाचता येईल असं. विषयाची ओळ 'हंगाम समाप्ती' होती, ती 'जर्सी १२ एप्रिलला, चाचणीची नोंदणी १९ पर्यंत' अशी केली. सरांना ती रुक्ष वाटली, अजूनही वाटते. पण महिन्याभरानं मेल शोधणारा पालक 'जर्सी' हाच शब्द टाकून शोधतो.

पाठवण्याआधी माझ्या बहिणीला तो फोनवर एकदाच वाचायला दिला. तिचा त्या संघाशी काही संबंध नाही. फोन काढून घेतला आणि विचारलं, काय काय करायचंय? तिनं दोन कामं सांगितली, तिसरं विसरली. निरोपाचा कार्यक्रम आभाराच्या वाक्याला चिकटून बसला होता. त्याला स्वतंत्र ओळ दिली.

बिल करायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. तेराशेचे चारशे शब्द झाले होते आणि आमच्या दरपत्रकाप्रमाणे चार दिवसांच्या कामाचे पैसे चारशे शब्दांचेच होत होते. त्याच आठवड्यात शब्दांचा दर बंद करून आम्ही कामाप्रमाणे आकारायला लागलो. दोन जुनी गिऱ्हाइकं यामुळे तुटली. दोन्ही स्मरणिकेची होती.

पुढच्या हंगामाअखेर नव्या प्रशिक्षकांचा मेल आला, सरांनीच आमचं नाव सुचवलेलं. साडेचारशे शब्द, कामं वर, तारखा नीट. माझी भागीदार खूश झाली. मी वाचत खाली गेलो तर शेवटच्या ओळीत होतं, 'बाकी परवा बोलूच.'