शोकपत्राचा नमुना बाजूला ठेवताना

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करतो. आमच्या देखभाल विभागातील एका ज्येष्ठ तंत्रज्ञांचे हृदयविकाराने निधन झाले आणि त्यांच्या कुटुंबाला पाठवायचे शोकपत्र तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. संगणकात अशा पत्राचा नमुना होताच. नाव, हुद्दा आणि तारीख भरली की पत्र तयार होत असे.

“अत्यंत दुःखद अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या कंपनीचे कर्तव्यदक्ष कर्मचारी कै. ……… यांचे दि. ……… रोजी अकाली निधन झाले. त्यांच्या जाण्याने कंपनीची अपरिमित हानी झाली असून ही पोकळी कधीही भरून निघणार नाही. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. कंपनी सदैव आपल्या पाठीशी आहे. देय रकमांसाठी सोबतच्या यादीतील कागदपत्रे त्वरित सादर करावीत. – व्यवस्थापन.”

हे पत्र त्यांच्या पत्नीच्या हाती पडणार, हे लक्षात घेऊन वाचले की पहिल्याच वाक्यात अडखळायला होते. ज्या बाईने पतीला स्वतः रुग्णालयात नेले, तिला आम्ही तिच्या पतीचे निधन झाल्याचे ‘कळवीत’ होतो. मुळात हा मजकूर सूचनाफलकासाठी लिहिलेला असावा आणि नंतर कोणीतरी त्याला कुटुंबाचा पत्ता जोडला असावा. पोकळीचे वाक्यही कंपनीकडे पाहून लिहिलेले होते. शिवाय त्या जागेवर नवा माणूस नेमण्याची टिपणी माझ्याच टेबलावर आलेली होती. अशा वेळी ती पोकळी कधीही भरणार नाही, असे लिहिणे मला जमण्यासारखे नव्हते.

अधिक गंभीर अडचण ‘कै.’ आणि ‘ईश्वर’ या शब्दांची होती. हे कुटुंब बौद्ध आहे. १९५६ साली ज्या शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्याच शहरातील कंपनीने बौद्ध माणसाला कैलासवासी म्हणावे आणि त्याच्या आत्म्यासाठी ईश्वराकडे शांती मागावी, यात निष्काळजीपणा उघड दिसतो. बौद्ध कुटुंबांत अशा वेळी ‘कालकथित’ लिहितात, ‘आदरांजली’ वाहतात आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. मात्र केवळ आडनावावरून अंदाज बांधून शब्द बदलणेही धोक्याचेच असते. म्हणून मी त्यांच्या मेहुण्यांना फोन करून पत्र कोणाच्या नावे असावे, ताईंचे नाव कसे लिहितात आणि कार्यक्रम केव्हा आहे, एवढे विचारून घेतले. पत्र कार्यक्रमाच्या आधी पोहोचायला हवे होते.

मग प्रश्न उरला मजकुराचा. ‘कर्तव्यदक्ष’ हे विशेषण नमुन्यात छापलेलेच असल्याने ते सर्वांना सारखेच लागू होत होते. मी देखभाल विभागात जाऊन त्यांच्याविषयी विचारले. पर्यवेक्षकांनी मोठ्या आपुलकीने सांगितले की, तब्येत बरी नसतानाही भाऊ रात्री-अपरात्री ब्रेकडाउनला धावून येत, आणि हे पत्रात आलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मला तो मान्य करता आला नाही. त्या रात्री ते घरातून उठून आले होते आणि त्या वेळी घरी कोण जागे राहिले असेल, हे पत्नीला आम्ही सांगण्याची गरज नव्हती. हृदयविकाराने गेलेल्या माणसाच्या घरी ‘तब्येत बरी नसतानाही’ हे शब्द गेले तर ते कौतुक म्हणून नव्हे, दोषारोपाचे कारण म्हणून वाचले जातील. आमच्या विधी सल्लागारांनीही हे वाक्य काढायला सांगितले. त्यांचे कारण कंपनीच्या जबाबदारीचे होते, माझे वेगळे होते, पण वाक्य गेले हे बरे झाले.

उपयोगी पडली ती कॉम्प्रेसर रूममधली दुरुस्तीची वही. इतर लोक त्यात ‘बेअरिंग बदलले’ एवढेच लिहीत; भाऊ त्याखाली ते का गेले असावे, हेही दोन ओळींत लिहीत. आयटीआयमधून आलेली शिकाऊ मुले आजही यंत्र उघडण्याआधी ती पाने चाळतात. ही गोष्ट मी स्वतः पाहिली होती आणि घरच्यांना ती माहीत असण्याची शक्यता कमी होती. आणखी दोन किस्से ऐकले, पण त्यांतला एक सांगणाऱ्यागणिक बदलत होता, म्हणून दोन्ही सोडून दिले.

‘सदैव पाठीशी’ या वाक्यावर कारखाना प्रमुखांशी बरीच चर्चा झाली. कंपनी नेमके काय करू शकते हे ठरवल्याशिवाय असे आश्वासन देऊ नये, असे माझे म्हणणे होते. अखेर त्याऐवजी एका माणसाचे नाव आणि मोबाईल क्रमांक द्यायचे ठरले. सुरुवातीला ‘सविनय जयभीम’ लिहावे का, हे मी त्यांनाच विचारले. ते भाऊंना रोज सकाळी जयभीमच म्हणत असत, त्यामुळे त्यांच्या सहीखाली तो शब्द उसना वाटला नसता. अंतिम पत्र असे झाले:

“आदरणीय ताई, सविनय जयभीम.

भाऊंच्या जाण्याने आपल्यावर आणि मुलांवर जे दुःख कोसळले आहे, त्यात आम्ही सर्व सहकारी आपल्यासोबत आहोत. कारखान्यात त्यांना सगळेच भाऊ म्हणत. यंत्र दुरुस्त झाल्यावर ते का बिघडले, हे ते वहीत लिहून ठेवत. आमची शिकाऊ मुले आजही ती वही वाचून कामाला लागतात. त्यांच्याकडून शिकलेली माणसे इथे प्रत्येक पाळीत आहेत.

कंपनीशी संबंधित कोणत्याही कामासाठी आपल्याला कार्यालयात यावे लागणार नाही. आमचे सहकारी ……… (मोबाईल ………) आपल्या सोयीने घरी येतील. या पत्राला उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

कालकथित भाऊंना आमची विनम्र आदरांजली.”

खाली ‘व्यवस्थापन’ नव्हते. प्रमुखांनी स्वतःचे नाव लिहून शाईने सही केली. निधनाचे कारण, तारीख आणि कर्मचारी क्रमांक आम्ही मुद्दाम गाळले. प्रमुख आणि देखभाल विभागातील एक सहकारी पत्र घेऊन घरी गेले. ईमेलचा विचार झाला नाही, कारण ताईंचा ईमेल आमच्याकडे नव्हताच. आमच्या नोंदीत होता तो भाऊंचा.

देय रकमांचे पत्र वेगळे काढले आणि ते कार्यक्रमानंतर दिले. पण ते फार लांबवूनही चालले नसते, कारण घरात कमावणारे भाऊ एकटेच होते. ग्रॅच्युइटीसाठी एरवी असलेली पाच वर्षांच्या सलग सेवेची अट मृत्यू झाल्यास लागू होत नाही. भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन आणि निधीला जोडलेला कमाल ७ लाखांपर्यंतचा विमा यांचे दावे वारसाच्या नावे होतात. त्या पत्रात प्रत्येक रकमेपुढे कोणता कागद लागेल आणि तो घरातून द्यायचा की आम्ही काढून आणायचा, एवढे साध्या शब्दांत लिहिले. भाऊंच्या नामनिर्देशनात त्यांच्या दिवंगत आईचेच नाव राहिले होते, त्यामुळे ताईंच्या नावे दावा करण्यासाठी जास्तीचे कागद जमवावे लागले. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये आम्ही सर्वांची नामनिर्देशने तपासून घेतो.